सगळं बंद, तरी ब्रेकर पडतो

पावसाळा सुरू झाला की वायरमनकडे एक तक्रार हमखास येते. रात्री घरातलं सगळं बंद करून माणसं झोपतात आणि दोन-अडीचच्या सुमाराला ईएलसीबी पडतो. सकाळी उठून वर केला की मुकाट्याने राहतो. दिवसभर गीझर, मिक्सर, इस्त्री, पंप सगळं चालतं, पण त्याची काही कुरकुर नसते. मग चार रात्री शांत जातात आणि पाचव्या रात्री तो पुन्हा पडतो. वायरमन येतो तो दिवसा, आणि दिवसा त्याला दोष सापडत नाही. ‘ब्रेकरच खराब असेल’ असं ठरतं, नवा बसवला जातो, आणि आठवड्याभरात तोही रात्रीचा पडतो. त्यानंतर कंटाळून कोणीतरी ब्रेकर बाजूला ठेवतं आणि वायर थेट जोडून टाकतं. घरातल्या माणसांच्या जिवाचं राखण तिथेच संपतं.

अशा घरातला ब्रेकर बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि त्याने नोंदवलेली गळतीही खरी असते. ती सापडत नाही याचं कारण म्हणजे ‘सगळं बंद आहे’ या समजुतीत असलेली एक चूक. बटणं बंद केली, एमसीबी खाली केले, तरी घरातली निम्मी वायरिंग पुरवठ्याला जोडलेलीच राहते. रात्रीच्या गळतीचा शोध त्या निम्म्या भागात घ्यावा लागतो.

ब्रेकर काय मोजतो

आपण ज्याला सवयीने ईएलसीबी म्हणतो, त्या आजच्या उपकरणावर आरसीसीबी असं छापलेलं असतं. त्याच्या आत लोखंडी गाभ्याचं एक कडं असतं आणि घरात येणारी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. फेजमधून जितका प्रवाह घरात गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि कडं शांत राहतं. त्यातला काही प्रवाह भिंतीतल्या ओलीतून, उपकरणाच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर दोन वायरींमध्ये फरक पडतो. तो फरक ठरलेल्या मर्यादेला पोचला की ब्रेकर दोन्ही वायरी तोडतो.

घरगुती ब्रेकरची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातले तीस. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरला तो ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवा आणि १५ मिलिअँपिअरपर्यंत पडता कामा नये. म्हणजे १५ ते ३० या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. बाजारातून आणलेले दोन चांगले ब्रेकर असतील, तर एक २० ला पडेल आणि दुसरा २६ ला. नवा ब्रेकर बसवल्यावर काही रात्री बरं वाटतं, ते अनेकदा एवढ्याशा फरकामुळे. गळती जिथल्या तिथेच असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फरक कोणत्या वायरीत पडला हे ब्रेकर ओळखत नाही. फेजमधला प्रवाह जमिनीत गेला तरी तो पडतो, आणि न्यूट्रलमधला गेला तरीही पडतो.

बटण बंद केल्यावर काय उरतं

दिव्याचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल दिव्यापर्यंत तशीच जोडलेली राहते. बोर्डातला नेहमीचा एक खांबी एमसीबीसुद्धा फक्त फेजच तोडतो. सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल वायरी बोर्डातल्या एका पितळी पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, एकत्र येतात आणि तिथून थेट ब्रेकरच्या न्यूट्रल खांबाला जातात. त्यांच्या वाटेत बटणही नाही आणि एमसीबीही नाही. म्हणून सगळे एमसीबी पाडले तरी स्वयंपाकघरातली, गच्चीवरची, फाटकाच्या दिव्याची न्यूट्रल बाहेरच्या खांबावरच्या न्यूट्रलला जोडलेलीच असते.

‘पण न्यूट्रलमध्ये वीज नसते ना?’ असं कोणीही विचारेल. टेस्टर लावला तर न्यूट्रलवर तो पेटत नाही, हे खरं. तरीही न्यूट्रलचा दाब जमिनीइतका, म्हणजे शून्य, असतो तो फक्त ट्रान्सफॉर्मरपाशी, जिथे तिला अर्थ केलेलं असतं. तिथून खांबाखांबावरून ती आपल्या घरापर्यंत येते तेव्हा तिच्यातून वाडीतल्या सगळ्या घरांचा परतीचा प्रवाह जात असतो. तारेला स्वतःचा थोडा रोध असतो. समजा, ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या घरापर्यंत तो ०.३ ओहम आहे आणि शेजाऱ्यांचा मिळून १५ अँपिअर प्रवाह त्यातून परतत आहे. या दोहोंचा गुणाकार साडेचार. म्हणजे आपल्या घरातली न्यूट्रल जमिनीपेक्षा साडेचार व्होल्टने वर आहे, आणि आपल्या घरात तर एक दिवाही लागलेला नाही.

साडेचार व्होल्टने माणसाला धक्का बसत नाही. पण घरात कुठे न्यूट्रलची उघडी तार अर्थ केलेल्या लोखंडाला टेकली असेल, तर एवढा दाब १५ ते ३० मिलिअँपिअर ढकलायला पुरतो. त्या जागेचा रोध २०० ओहम असेल तर साडेचार व्होल्टला २२ मिलिअँपिअर वाहतील. फेजमधून काहीच जात नाही आणि न्यूट्रलमधून २२ जात आहेत, एवढा फरक कड्याने पकडला की ब्रेकर पडतो.

रात्रीच का, आणि रोज का नाही

बांधाला भोक पडलं असेल तर पाणी किती झिरपेल हे भोकाच्या आकारावर आणि मागच्या पाण्याच्या उंचीवर, दोन्हींवर ठरतं. या गळतीचंही तसंच आहे. भोक म्हणजे ओल धरलेली सदोष जागा आणि पाण्याची उंची म्हणजे न्यूट्रलचा दाब.

सदोष जागा दिवसभर उन्हाने सुकते. तेव्हा तिचा रोध हजारो किंवा लाखो ओहम असतो आणि मोजण्यासारखं काही वाहत नाही. मध्यरात्रीनंतर हवा गार होते, दव पडतं, बाहेरच्या दिव्यांच्या डब्यांत आतून पाणी धरतं आणि रोध काहीशे ओहमवर उतरतो. दुसरीकडे न्यूट्रलचा दाब शेजाऱ्यांच्या भारावर हलतो. कोणाचा एसी लागला, कोणी पहाटे पंप सुरू केला की तो वर जातो आणि भार गेला की खाली येतो. ब्रेकर पडायला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. ओल असेल पण दाब नसेल, तर ती रात्र शांत जाते. दाब असेल पण जागा कोरडी असेल, तरीही शांत जाते. आपल्याला जो लहरीपणा वाटतो, तो या दोन गोष्टींच्या जुळण्या-न जुळण्यातून येतो.

याच कारणाने न्यूट्रलची गळती भलत्याच उपकरणावर आळ आणते. पहाटे गीझर लावला की त्याचा नऊ-दहा अँपिअर प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो, घरातल्या न्यूट्रलचा दाब आणखी वाढतो आणि फाटकाजवळच्या ओल्या जागेतून गळणारा प्रवाह मर्यादा ओलांडतो. घरातली माणसं म्हणतात की गीझरने ब्रेकर पाडला. गीझर बदलला जातो आणि गळती तशीच राहते.

घरच्या माणसांनी करायच्या चाचण्या

बोर्डाचं झाकण न उघडता बरंच काही कळतं. पहिलं काम म्हणजे वही. ब्रेकर पडलेला दिसला की वेळ, पाऊस किंवा दव, आणि वर केल्यावर तो लगेच राहिला की पुन्हा पडला, एवढं लिहून ठेवायचं. आठ-दहा नोंदी झाल्या की ओलीशी संबंध आहे की नाही ते स्पष्ट होतं.

दुसरं काम, एका रात्री घरातले सगळे प्लग खरोखर सॉकेटमधून काढायचे. फ्रिज, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, पाण्याचा फिल्टर, वॉशिंग मशीन, चार्जर, सगळे. बटण बंद करून भागत नाही, कारण उपकरणाची न्यूट्रल आणि अर्थ प्लगमधून जोडलेल्याच राहतात. फ्रिज विशेष संशयित असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर काही तासांनी आपोआप लागतो, मध्यरात्रीसुद्धा. त्याचा हीटर ओल धरून बसला असेल तर ब्रेकर नेमका तेव्हा पडतो. प्लग काढलेल्या दोन-तीन ओल्या रात्री ब्रेकर राहिला, तर दोष उपकरणात आहे. मग एकेक उपकरण परत जोडत जायचं.

तिसरी चाचणी सगळ्यात मोलाची. प्लग काढलेलेच ठेवून रात्री सगळे एमसीबी खाली करायचे आणि फक्त ब्रेकर वर ठेवायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही पूर्ण बंद करायचा. सकाळी ब्रेकर वर असेल, तर गळती फेजच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. मग पुढच्या रात्रींत एकेक एमसीबी वर ठेवून सर्किट शोधता येतं. एखादी शांत रात्र मात्र पुरावा मानायची नाही, निदान तीन-चार ओल्या रात्री जाऊ द्यायच्या. सगळे एमसीबी खाली असूनही ब्रेकर पडला, तर तेवढ्या एका निरीक्षणाने घरातल्या सगळ्या फेज निर्दोष ठरतात. उरतात दोनच संशयित: न्यूट्रल आणि स्वतः ब्रेकर.

यापुढे झाकण उघडावं लागतं आणि ते काम परवानाधारक वायरमनचं. मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्या वरच्या बाजूला आलेल्या वायरी जिवंत असतात, आणि बंद न केलेला इन्व्हर्टर मेन स्विचच्या पुढच्या वायरींतही २३० व्होल्ट देत राहतो. बंद समजून हात घातलेल्या वायरीत इन्व्हर्टरची वीज असणं, हे वायरमनच्या कामातल्या अपघातांचं नेहमीचं कारण आहे.

एक घर, सहा न्यूट्रल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराची हकीकत सांगतो. जांभ्याच्या चिऱ्यांचं बैठं घर, समोर अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकाच्या दोन्ही खांबांवर एकेक दिवा. पुरवठा सिंगल फेज, एक ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आणि त्याच्यापुढे सहा एमसीबी. घराला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा. ट्रान्सफॉर्मर लांब आणि हे घर लाइनीच्या शेवटाकडे.

सप्टेंबरपासून ब्रेकर रात्री एक ते पाचच्या दरम्यान पडू लागला. आधीच्या वायरमनने दिवसा येऊन मेगर लावला होता. मेगर म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र. एमसीबीच्या खालच्या बाजूने सहाही फेज तपासल्या, सगळ्या २० मेगाओहमच्या वर भरल्या. चालू वायरिंगसाठी १ मेगाओहम ही सर्वसाधारण किमान मर्यादा धरतात, तेव्हा हा निकाल उत्तमच होता. ब्रेकर बदलला गेला. नवाही पडला.

त्या तपासणीत दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. मोजमाप कोरड्या दुपारी झालं होतं, आणि ते फक्त फेजचं होतं. दिव्यांची बटणं बंद असल्यामुळे फेजची वायर बटणापाशीच संपत होती. तिच्या पुढे दिव्यात काय चाललं आहे आणि न्यूट्रलची अवस्था काय आहे, हे मेगरला दिसणं शक्यच नव्हतं.

घरच्यांना तिसरी चाचणी करायला सांगितली. सगळे प्लग काढून आणि सहाही एमसीबी खाली करून ठेवले, आणि दुसऱ्याच रात्री ब्रेकर पडला. ब्रेकर नवा होता, तरी त्याला परस्पर निर्दोष मानलं नाही. पुढच्या काही रात्री त्याच्या पुढे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवून, त्यांची टोकं नीट झाकून, तो रिकामाच वर ठेवला. घर त्या काळात अंधारात राहिलं, पण ब्रेकर पडला नाही. आता एकच संशयित उरला: घरातली कुठलीतरी न्यूट्रल अर्थला टेकते आहे.

पुढचं मोजमाप पहाटे साडेपाचला, दव असताना केलं. मेन स्विच आणि ब्रेकर बंद, इन्व्हर्टर काढलेला. ब्रेकर बंद केला की न्यूट्रल लिंक बाहेरच्या न्यूट्रलपासून सुटी होते आणि घरातल्या सगळ्या न्यूट्रल एकदम मोजता येतात. लिंक आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर लावला तर काटा शून्यावर. मग लिंकवरून न्यूट्रल एकेक सोडवत गेलो. प्रत्येक वायरीला आधी चिठ्ठी बांधायची आणि मग ती सोडवायची, हा नियम मोडला तर परत जोडताना गोंधळ होतो. पाच वायरी २० मेगाओहमच्या वर भरल्या. बाहेरच्या दिव्यांची सहावी शून्य दाखवत होती. मेगरचं शून्य ढोबळ असतं, म्हणून तिथे साधा मल्टीमीटर लावला. १८० ते २५० ओहमच्या दरम्यान आकडा हलत होता. न हलणारा आकडा असता तर धातूला धातू घट्ट टेकला आहे असं म्हटलं असतं. हलणारा आकडा ओलीचा आणि गंजाचा.

त्यानंतर अर्ध्या-अर्ध्याने शोध. बाहेरची वायर ओटीवरच्या जोडडब्यातून फाटकाकडे जाते. त्या डब्यात सांधा सोडवला. घराकडचा तुकडा निर्दोष, फाटकाकडचा सदोष. डावीकडच्या खांबावर पुन्हा सांधा सोडवला. तिथपर्यंतची वायर आणि डावा दिवा निर्दोष, उजव्या खांबाकडे जाणारा भाग सदोष. उजवा दिवा उतरवल्यावर जागा डोळ्यांना दिसली. दिव्याच्या लोखंडी डब्याला वायरीसाठी भोक पाडलेलं होतं, पण भोकात रबरी बुश बसवलेलं नव्हतं. पत्र्याच्या धारेने न्यूट्रलचं आवरण कापलं होतं आणि उघडं तांबं गंजलेल्या पत्र्याला टेकलं होतं. डबा नियमाप्रमाणे अर्थ केलेला होता. दव पडलं की त्या गंजात ओल भरायची, आणि सूर्य वर आला की ती सुकायची.

दाबाचाही हिशेब पडताळून पाहिला. सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब दुपारी दीड ते दोन व्होल्ट होता, तर रात्री शेजारच्या घरांतले एसी चालू असताना पाच व्होल्टच्या आसपास. सदोष जागेचे साधारण २०० आणि अर्थिंगच्या खड्ड्याचे सुमारे १० असे २१० ओहम धरले, तर दोन व्होल्टला साडेनऊ मिलिअँपिअर वाहतात. ते १५ च्या आत आहेत, त्यामुळे ब्रेकर पडत नाही. पाच व्होल्टला जवळपास २४ वाहतात, आणि ब्रेकर पडतो. वहीतल्या शांत आणि अशांत रात्रींचा अर्थ या दोन आकड्यांनी लागला.

निकाल वेगळा आला तर

प्रत्येक घरात न्यूट्रलच दोषी असेल असं नाही. एखादा ठरावीक एमसीबी वर असतानाच ब्रेकर पडत असेल, तर फेजकडे बघायचं. फेजवर २३० व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअर वाहायला साडेसात हजार ओहमच्या आसपासचा रोधही पुरतो. एवढा रोध नुसत्या ओलसर सॉकेटमध्ये, मुंग्यांनी घर केलेल्या बटणात किंवा गच्चीवरच्या पंपाच्या टेप गुंडाळलेल्या सांध्यात तयार होतो. बाहेरच्या दिव्याचं बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर दिवा विझलेला दिसतो पण त्याच्या होल्डरपर्यंत फेज रात्रभर उभी असते. अशा दिव्यात पाणी शिरलं की ‘काहीच चालू नसताना’ फेजची गळती होते. बटण बंद ठेवून होल्डरवर टेस्टर पेटतो का, एवढं वायरमनने पाहिलं तरी हे उघड होतं.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ट्रान्सफॉर्मर बहुधा जवळ असतो आणि न्यूट्रलचा दाब कमी. तिथे दुसरी शक्यता मोठी असते: छोट्या छोट्या गळत्यांची बेरीज. संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून थोडा प्रवाह अर्थकडे जाणं हे त्यांच्या रचनेतच आहे. एका उपकरणाचा तो एखाद-दुसरा मिलिअँपिअर असतो. अशी दहा-बारा उपकरणं प्लगला जोडलेली असली की ब्रेकर आधीच मर्यादेजवळ बसलेला असतो आणि विजेचा एखादा झटका त्याला पाडायला पुरतो. ही बेरीज मोजायला गळतीचा क्लॅम्प मीटर लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी त्याच्या जबड्यात एकत्र धरायच्या, की फरकाचा आकडा थेट मिलिअँपिअरमध्ये दिसतो. वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर इतका बारीक आकडा दाखवत नाही, हे आधी विचारून घ्यावं. कायमची गळती ब्रेकरच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी असा संकेत आहे. ती जास्त भरली, तर उपाय म्हणजे सर्किट दोन ब्रेकरवर विभागणं. तेव्हा प्रत्येक ब्रेकरची न्यूट्रल लिंक स्वतंत्र हवी. एका ब्रेकरच्या फेजचा प्रवाह दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परतला, तर दोन्ही पडतील.

आणि पुढच्या वायरी सोडवलेल्या असतानाही ब्रेकर पडला, तर मात्र तो बदलायचा. टेस्टचं बटण दाबून तो पडला म्हणजे त्याची मर्यादा बरोबर आहे, असं ठरत नाही. ते बटण त्याची यंत्रणा हलते आहे एवढंच दाखवतं.

एक इशारा न्यूट्रलच्या दाबाबद्दल. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये काही व्होल्ट असणं लाइनीच्या टोकाला असलेल्या घरांत समजण्यासारखं आहे. तो आकडा वीस-तीस व्होल्टवर गेला, तर घरात शोधत बसायचं नाही. खांबावरची न्यूट्रल सैल झाली आहे किंवा तुटण्याच्या बेतात आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो, किंवा घराच्या अर्थिंगमध्येच बिघाड असेल. मेन स्विच बंद करून वीज कंपनीला त्याच वेळी कळवायचं.

दुरुस्ती आणि तिचा पुरावा

त्या घरात कापलेल्या जागी टेप गुंडाळून काम भागलं असतं, पण पुढच्या सप्टेंबरपर्यंतच. डाव्या खांबापासून उजव्या दिव्यापर्यंतची वायर मधे सांधा न ठेवता नवी ओढली. डब्याच्या भोकात बुश बसवलं आणि आत धरलेलं पाणी वाहून जावं म्हणून डब्याच्या तळाला बारीक छिद्र ठेवलं. बाहेरच्या दिव्यांच्या सर्किटला एक खांबी एमसीबीच्या जागी दोन खांबी बसवला. तो बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. पुढे कधी बाहेर ओल धरली, तर तेवढा एमसीबी पाडून उरलेलं घर चालू ठेवता येईल, आणि दोष बाहेर आहे की आत हे झाकण न उघडता कळेल.

काही उपायांपासून मात्र लांब राहायचं. ३० मिलिअँपिअरच्या जागी १०० किंवा ३०० चा ब्रेकर बसवला तर रात्रीची झोप मोडणार नाही, पण माणसाला धक्का बसला तर तो वेळेत पडेलच याची खात्री राहत नाही. माणसाच्या अंगातून तीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणूनच ही मर्यादा तीसवर ठेवलेली आहे. अर्थची वायर कापणं त्याहून वाईट. तसं केल्यावर ब्रेकर शांत होतो, कारण गळतीला वाटच उरत नाही. मग पुढे कधी फेजचं आवरण कापलं गेलं, तर तो लोखंडी डबा २३० व्होल्टवर उभा राहतो आणि जमिनीकडे जाणारी पहिली वाट फाटकाला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून तयार होते.

दुरुस्ती झाली याचा पुरावाही त्याच परिस्थितीत घ्यायचा, जिच्यात दोष दिसला होता. पहाटे, दव असताना, सहाही न्यूट्रल पुन्हा सोडवून मेगर लावला. बाहेरची न्यूट्रल आता ५० मेगाओहमच्या वर होती. फेजही तपासल्या, या वेळी बाहेरच्या दिव्यांची बटणं चालू करून आणि बल्ब काढून, म्हणजे वायर होल्डरपर्यंत मोजली जाईल. हे सहा फेजचे आणि सहा न्यूट्रलचे आकडे, सॉकेटमधला न्यूट्रल-अर्थ दाब आणि तारीख, एवढं एका कार्डावर लिहून ते बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. वायरीचं आवरण बहुधा एका रात्रीत जात नाही. ५० मेगाओहमचे २० होतात, मग ३ होतात, आणि मग एखाद्या ओल्या पहाटे शून्य. दर पावसाळ्याच्या शेवटी वायरमनकडून हीच मोजणी करून घेतली आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहिला, तर कोणती वायर खालावते आहे हे ब्रेकर पडायच्या आधीच दिसेल.